सात सेकंदांची ढोलकी: सॅम्पलिंगचा प्रश्न परीक्षेत कसा सोडवायचा

कॉपीराइटच्या पेपरात सॅम्पलिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा उचलून आपल्या गाण्यात वापरण्याचा, प्रश्न आला की वर्गातले निम्मे विद्यार्थी खूश होतात, कारण विषय गाण्याचा असतो. त्याच प्रश्नात सर्वांत जास्त गुण जातात. माझेही गेले होते. एलएल.बी.ला असताना मी वीस गुणांच्या अशाच एका प्रश्नात अमेरिकेच्या 'फेअर यूज'चे, म्हणजे परवानगीशिवाय केलेल्या उचित वापराचे, चार घटक तपशीलवार लिहून आलो आणि सहा गुण मिळाले. तपासणाऱ्यांनी समासात एवढंच लिहिलं होतं: 'कोणत्या देशाचा कायदा?' आता मी शिकवतो, तेव्हा तीच चूक दरवर्षी कुणा ना कुणाच्या वहीत सापडते.

हा लेख भारतीय कायद्यापुरता, म्हणजे कॉपीराइट अधिनियम १९५७ पुरता आहे. पहिल्यांदाच हा विषय घेणाऱ्याने एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहावं म्हणून एक काल्पनिक प्रश्न घेतो आणि तो शेवटपर्यंत सोडत नाही.

प्रश्न

एका रेकॉर्ड कंपनीचं मुख्यालय मुंबईत आहे. तिने १९९८ मध्ये लोकगीताच्या बाजाचा एक अल्बम काढला. तो चित्रपटाचा नव्हता. त्यातलं एक गाणं ४ मिनिटं ४० सेकंदांचं आहे. सुरुवातीला ढोलकीचा पारंपरिक तोडा आणि त्यावर गायिकेचा आलाप. आलापात शब्द नाहीत, पण तो संगीतकाराने बांधलेला आहे आणि गाणं लोकांना त्याच आलापामुळे आठवतं. संगीतकार कंपनीचा नोकर नव्हता. त्याने १९९८ मध्ये कंपनीला सही करून कागद दिला: 'या गाण्याच्या चालीचे सर्व हक्क मी कंपनीला देत आहे.' मुदतीचा उल्लेख नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या एका तरुणाने त्या सीडीवरून तोडा आणि आलाप मिळून सात सेकंद उचलले, स्वर चढवला आणि तीन मिनिटांच्या आपल्या ट्रॅकमध्ये तो तुकडा बावीस वेळा फिरवला. वर त्याचा स्वतःचा रॅप आहे, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर आणि ठेकेदारांवर टीका करणारा. खाली लिहिलं: 'श्रेय मूळ कलाकारांना. कॉपीराइट भंगाचा हेतू नाही.' ट्रॅकमधून तीन लाख रुपये आले, खर्च साठ हजार झाला. अशा तुकड्यासाठी कंपनी एरवी पन्नास हजार रुपये परवाना शुल्क घेते. मार्चमध्ये एका समीक्षकाने दोन्ही गाण्यांची तुलना करणारा बारा मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात त्याने मूळ गाण्याचे नऊ सेकंद वाजवले आणि आलापाचं काय झालं ते समजावलं. एप्रिलमध्ये कंपनी तुमच्याकडे आली आहे. सल्ला द्या.

आधी पेन्सिल, मग पेन

लिहायला बसण्याआधी कोऱ्या पानावर गाण्याचे थर काढा. 'गाण्याचा कॉपीराइट' अशी एकच गोष्ट कायद्यात नाही. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, ध्वनिमुद्रण हे तिसरं आणि गायक-वादकांचे हक्क हे चौथं. कलम २ मधली संगीतकृतीची व्याख्या शब्दांना मुद्दाम बाहेर ठेवते. कलम १३(४) सांगतं की ध्वनिमुद्रणावर कॉपीराइट असला तरी त्याच्या आतल्या चालीचा आणि शब्दांचा कॉपीराइट वेगळाच राहतो.

आता आपले सात सेकंद या थरांवर ठेवून पाहा. आलापात शब्द नाहीत, म्हणजे गीतकाराचा थर शिवलाच गेलेला नाही. एक वाक्य लिहून तो सोडून द्या. ढोलकीचा तोडा पारंपरिक आहे, म्हणजे संगीतकाराची मूळ निर्मिती नाही. आलाप मात्र त्याचा आहे. ध्वनिमुद्रण सातही सेकंद उचललं गेलंय, ढोलकीसकट.

शिकवताना हा फरक कळावा म्हणून मी एकदा वर्गात ढोलकी वाजवणाऱ्या एका विद्यार्थ्याला उभं केलं. त्याने बाकावर बोटांनी तसाच एक तोडा वाजवला. मी विचारलं, "याने भंग केला का?" कुणीतरी म्हणालं, "सर, तेच तर वाजवलं!" तेच वाजवलं, पण पारंपरिक तोड्यावर कुणाची मालकी नाही, आणि कंपनीची मालकी त्या दिवशी त्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या आवाजावर आहे. तरुणाने ढोलकीवाला बोलावून नवा तोडा रेकॉर्ड केला असता तर ढोलकीपुरता प्रश्नच उरला नसता. त्याने सीडीतला आवाज उचलला, इथेच सगळा घोळ आहे. सॅम्पलिंग आणि नक्कल यांतला हा फरक उत्तराच्या पहिल्या पानावर दिसला की तपासणारा सैल होतो.

मालक कोण, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका

या टप्प्यावर बहुतेक उत्तरं एका ओळीत 'कंपनी मालक आहे' असं लिहून पळतात. प्रश्न विचारणाऱ्याने खरा सापळा इथेच लावलेला असतो, म्हणून मी इथे सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगतो.

ध्वनिमुद्रण सोपं आहे. कलम २(डी) प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा 'लेखक' म्हणजे निर्माता, इथे कंपनी, आणि कलम १७ प्रमाणे पहिली मालकीही तिचीच. मुदत कलम २७ प्रमाणे प्रकाशनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं. १९९८ मध्ये प्रकाशित, म्हणजे मोजणी १ जानेवारी १९९९ पासून आणि शेवट ३१ डिसेंबर २०५८ ला. नोंदणी केलेली नसली तरी बिघडत नाही, कारण कॉपीराइटला नोंदणीची अट नाही.

चालीचं तसं नाही. इथे विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निवाडा आणतात, आयपीआरएस विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स. निर्मात्याने पैसे देऊन संगीत करून घेतलं तर विरुद्ध करार नसल्यास पहिला मालक निर्माता, असं त्यात म्हटलं आहे. निवाडा बरोबर, जागा चुकीची. तो चित्रपटाच्या संदर्भातला आहे. कलम १७(बी) मध्ये मोबदला देऊन करून घेतलेल्या कामांची यादी आहे आणि तिच्यात चित्रपट आहे, पण ध्वनिमुद्रण किंवा संगीतकृती नाही. आपला अल्बम चित्रपटाचा नाही आणि संगीतकार नोकरही नाही, म्हणून नोकरीबद्दलचं १७(सी) सुद्धा लागत नाही. चालीचा पहिला मालक संगीतकारच.

मग तो कागद? हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं असं कलम १९(१) म्हणतं. ते झालं आहे. पण १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९(५) सांगतं की मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरायचं. कागद १९९८ चा, म्हणजे कंपनीचा चालीवरचा हक्क २००३ मध्येच संपला. 'सर्व हक्क' या शब्दांत मुदत येत नाही. हक्क किती, हे ते शब्द सांगतात. किती काळ, हे सांगत नाहीत. कागदात 'कायमचे' एवढा एक शब्द असता तर उत्तर फिरलं असतं, आणि प्रश्न काढणाऱ्याने तो शब्द मुद्दाम ठेवलेला नाही.

निष्कर्ष असा की कंपनी एकटी आली तर ती फक्त ध्वनिमुद्रणाचा दावा करू शकते. आलापाच्या चालीसाठी संगीतकाराला वादी म्हणून सोबत घ्यावं लागेल, किंवा त्याच्याकडून नवा लेखी करार करून घ्यावा लागेल. सल्ला द्यायचा आहे, म्हणून हे 'सल्ला' या शब्दात लिहा.

मालकीवर अडखळणं फक्त परीक्षेतच होत नाही. १९६९ च्या एका हिंदी चित्रपटगीताचा सुमारे एक सेकंदाचा तुकडा अमेरिकेतल्या एका हिप-हॉप गाण्यात आला म्हणून सारेगामाने तिथे दावा लावला. २०११ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. मुख्य कारण असं की चित्रपट निर्मात्याशी झालेल्या जुन्या करारातून ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे टिकलेली नव्हती. आपल्या परीक्षेत हा निवाडा बंधनकारक नाही. पण मालकी आधी का तपासायची, हे कुणी विचारलं तर मी हाच सांगतो.

सात सेकंद म्हणजे 'चालतंच' का?

दरवर्षी कुणीतरी विचारतंच: "सर, पंधरा सेकंदांच्या आत असलं तर चालतं ना?" चालतं असं कुठल्याही कलमात नाही. सेकंदांचा आकडा आपल्या कायद्यात शोधूनही सापडणार नाही.

कलमात काय आहे ते पाहू. कलम १४(ई) ध्वनिमुद्रणाच्या मालकाला तीन गोष्टींचा अनन्य हक्क देतं: तेच मुद्रण सामावलेलं दुसरं ध्वनिमुद्रण करणं, प्रती विकणं किंवा भाड्याने देणं, आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणं. तरुणाने पहिली आणि तिसरी गोष्ट केली आहे. पण कलम १४ च्या सुरुवातीलाच शब्द आहेत: 'कृती किंवा तिचा कोणताही भरीव भाग'. म्हणून तुकडा भरीव आहे का, हे ठरवावंच लागतं.

इथे परदेशी निवाड्यांपासून जरा जपून. अमेरिकेतल्या सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये ब्रिजपोर्ट प्रकरणात म्हटलं की रेकॉर्डिंगचा तुकडा कितीही छोटा असो, परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. नवव्या सर्किटने २०१६ मध्ये ते मानलं नाही. त्यांचा वाद त्यांच्या कलमाच्या शब्दांवरचा आहे. आपल्याकडे 'भरीव भाग' कलमातच लिहिलेला असल्यामुळे ब्रिजपोर्टचा नियम जसाच्या तसा उचलता येत नाही. एवढं एक वाक्य लिहिलं तर परदेशी निवाडा वाचलाय आणि पचवलाय, दोन्ही दिसतं.

भारतातला जवळचा आधार म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचा २००८ चा राम संपत विरुद्ध राजेश रोशन. जाहिरातीसाठी बांधलेल्या एका धूनचा भाग चित्रपटातल्या गाण्यांत वापरल्याची तक्रार होती आणि न्यायालयाने मनाई दिली. किती घेतलं यापेक्षा जे घेतलं ते त्या रचनेत किती मोलाचं आहे, आणि सामान्य श्रोत्याच्या कानाला ते ओळखू येतं का, यावर भर होता. तो निवाडा चालीबद्दल आहे, रेकॉर्डिंगबद्दल नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करून मग तीच कसोटी आपल्या आलापाला लावा.

लावताना एक चूक हमखास होते. सात सेकंद गुणिले बावीस म्हणजे १५४ सेकंद, १८० सेकंदांच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त, म्हणून भाग भरीव! असं नाही. भरीवपणा मूळ कृतीच्या तुलनेत मोजायचा. तरुणाने मूळ २८० सेकंदांतले सातच घेतले, म्हणजे अडीच टक्के. ते बावीस वेळा फिरवल्याने मूळचा जास्त भाग जात नाही. आकड्याने कमी, पण गाणं ओळखलं जातं ते याच तुकड्यामुळे, म्हणून गुणाने भरीव. बावीस वेळांचा मुद्दा वाया जात नाही. तो नफ्याची वाटणी करताना लागेल, तोवर पेन्सिलीने समासात ठेवा.

प्रतिवादी 'हे इतकं क्षुल्लक आहे की कायद्याने लक्ष घालू नये' असं म्हणेल. हा बचाव भारतात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स प्रकरणात तो मान्य केला आणि हानीचं स्वरूप, खटल्याचा खर्च, करणाऱ्याचा हेतू अशा गोष्टी बघायला सांगितल्या. तिथे वापर ओझरता होता. इथे तुकडा ट्रॅकचा पायाच आहे आणि त्याच्यासाठी बाजारात पन्नास हजारांचा दर आहे. ज्याला दर आहे ते क्षुल्लक म्हणणं कठीण.

कव्हर व्हर्जनबद्दलचं कलम ३१सी कुणी आणलं तर दोन ओळीत परत पाठवा. ते चाल नव्याने गाऊन-वाजवून केलेल्या मुद्रणासाठी आहे, जुनंच मुद्रण कापून चिकटवण्यासाठी नाही.

फेअर डीलिंग: दोन दरवाजे

अमेरिकेतला फेअर यूज मोकळा आहे. उद्देशांची यादी तिथे उदाहरणादाखल असते आणि न्यायालय चार घटकांवर तोल पाहतं. आपलं फेअर डीलिंग कलम ५२(१)(ए) मध्ये आहे आणि ती बंद यादी आहे. उद्देश तीनच: खाजगी किंवा वैयक्तिक वापर, त्यात संशोधनही आलं. त्या किंवा दुसऱ्या कृतीची टीका अथवा समीक्षा. आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. यांपैकी एका दरवाजातून आत गेल्याशिवाय 'वापर उचित होता का' हा दुसरा दरवाजा येतच नाही. उत्तरात हा क्रम दिसायला हवा.

तरुणाला पहिल्या दरवाजावर उभं करा. वैयक्तिक वापर? घरच्या संगणकावर तुकडा फिरवत बसला होता तोवर कदाचित. ट्रॅक जगासमोर टाकून पैसे मिळवल्यावर नाही. वार्तांकन? खड्डे ही चालू घडामोड आहे हे पुण्यात राहणारा कुणीही मान्य करील, पण रॅप म्हणजे बातमी नव्हे, आणि बातमी असती तरी ती सांगायला या आलापाची गरज नव्हती. राहिली टीका. टीका आहे, झणझणीत आहे, पण ती ठेकेदारांवर आहे. कलम 'त्या कृतीची किंवा दुसऱ्या कोणत्याही कृतीची' टीका म्हणतं. ठेकेदार ही कॉपीराइट कायद्यातली कृती नाही. (रस्ता त्याची कृती म्हणावा का, हा विनोद वर्गात होतो. पेपरात करू नका.)

इथे केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ चा सिविक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा कामाचा आहे. एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकात मूळ नाटकातली पात्रं आणि संवाद घेतले होते. न्यायालयाने किती आणि कसला भाग घेतला, कशासाठी घेतला, आणि दोघांत स्पर्धा होण्याचा संभव किती, हे पाहून प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला. तो तरुणाच्या वकिलाला जवळचा वाटेल. फरक असा की प्रतिनाटक मूळ नाटकाशीच भांडत होतं. तरुणाचा रॅप त्या आलापाशी भांडत नाही, त्याच्यावर स्वार होतो. विडंबन म्हणून वेगळा अपवाद आपल्या कायद्यात नाही. ते टीकेच्या दरवाजातूनच यावं लागतं.

'श्रेय मूळ कलाकारांना' या ओळीने परवानगी मिळत नाही. उलट ती ओळ पुढे त्याच्याच अंगावर येणार आहे.

आता समीक्षक. त्याचं प्रकरण तरुणापेक्षा वेगळं निघतं आणि प्रश्नात त्याला त्यासाठीच आणलं आहे. तो मूळ गाण्याचीच समीक्षा करतो, म्हणून पहिला दरवाजा सरळ उघडतो. इथे एक जुना अडसर होता. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी हे पोटकलम साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरतं होतं. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट त्यात नव्हते. दिल्लीच्या २०११ च्या सुपर कॅसेट्स विरुद्ध चिंतामणी राव निवाड्यात हाच अडसर होता. दुरुस्तीनंतर शब्द 'कोणतीही कृती' असे आहेत, फक्त संगणक प्रोग्राम वगळून. २०२५ च्या प्रश्नात २०११ चा निवाडा आजचा कायदा म्हणून लिहिला की तपासणारा लाल पेन काढतो.

दुसरा दरवाजा, उचितपणा. बारा मिनिटांत नऊ सेकंद, तेही आलाप कसा बदलला हे दाखवायला. आलाप ऐकवल्याशिवाय ते सांगताच येत नाही. व्हिडिओ पाहून कुणी मूळ गाणं ऐकणं सोडणार नाही. वापर उचित आहे. पण वाक्य तिथे संपवू नका, मर्यादाही दाखवा: त्याने मूळ गाणं पूर्ण आपल्या बोलण्याखाली चालू ठेवलं असतं तर उद्देश तोच राहूनही दुसरा दरवाजा बंद झाला असता. कंपनीला सल्ला, समीक्षकाला धमकीची नोटीस पाठवू नका. निराधार धमकीविरुद्ध कलम ६० खाली तोच तुमच्यावर दावा लावू शकतो.

गायिका आणि संगीतकाराचं वेगळं दुखणं

हा भाग बहुतेकजण विसरतात, म्हणून थोडक्यात लिहिला तरी उठून दिसतो. कॉपीराइट कुणालाही दिला तरी कलम ५७ चा हक्क संगीतकाराकडेच राहतो: श्रेय मागण्याचा, आणि मान किंवा लौकिकाला बाधा आणणाऱ्या विकृतीला हरकत घेण्याचा. २०१२ पासून कलम ३८बी ने कलावंतांनाही असा हक्क दिला, म्हणून गायिकेलाही तो आहे. मात्र वेळेत बसवण्यासाठी केलेली काटछाट किंवा निव्वळ तांत्रिक संपादन बाधक मानत नाहीत. स्वर चढवून गायिकेचा आवाज खेळण्यातल्या बाहुलीसारखा करणं हे तांत्रिक संपादन नाही असं म्हणता येईल. लौकिकाला खरंच बाधा आली का, हे पुराव्यावर. मी इथे ठाम निकाल देत नाही, 'युक्तिवाद करता येईल' असं लिहितो, आणि तसंच शिकवतो.

उपाय: काय मागायचं आणि किती

इथे नुसती यादी लिहिली तर निम्मेच गुण. प्रश्नातल्या आकड्यांना हात लावा.

सर्वांत आधी अंतरिम मनाई, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम १ व २ खाली. तीन कसोट्या: प्रथमदर्शनी प्रकरण, सोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान. पहिली कंपनीच्या बाजूने. तिसरीवर प्रतिवादी म्हणेल की तुमचा ठरलेला दरच आहे, पैशांनी भरपाई होते. हे उत्तर खरोखर अवघड आहे, टाळू नका. कंपनी म्हणू शकते की ट्रॅक रोज पसरतोय आणि परवाना न घेता वापरण्याची वाट सगळ्यांना मोकळी होते. ट्रॅक जानेवारीत आला आणि आता एप्रिल आहे, म्हणून उशिराचा आक्षेप हलका राहील. सहा महिने गप्प बसली असती तर जड गेला असता.

पैशांसाठी कलम ५५. नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब, व्यवहारात यांतलं एक निवडावं लागतं. भरपाई परवाना शुल्कावर मोजली तर पन्नास हजार. हिशेब मागितला तर तीन लाखांतून साठ हजार वजा, निव्वळ दोन लाख चाळीस हजार. पण हा सगळा नफा आलापाचा नाही, रॅपही त्याचाच आहे. समासात ठेवलेले बावीस वेळा इथे काढा: तुकडा जवळजवळ पूर्ण ट्रॅकभर आहे, म्हणून वाटा मोठा. न्यायालयाने उदाहरणादाखल निम्मा धरला तरी एक लाख वीस हजार. सल्ला: हिशेब मागा.

दंडात्मक भरपाई मोठ्या थाटात मागण्याआधी एक आठवण. टाइम विरुद्ध लोकेश श्रीवास्तव (२००५) मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती दिली. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने हिंदुस्तान युनिलिव्हर विरुद्ध रेकिट बेन्किझर (२०१४) मध्ये तिच्यामागची कारणमीमांसा नाकारली. पहिला लिहून दुसरा न लिहिणं म्हणजे अर्धी बातमी.

तरुण म्हणेल, 'मला माहीत नव्हतं.' कलम ५५ च्या परंतुकाप्रमाणे कॉपीराइट असल्याची जाणीव नव्हती आणि तसं मानायला वाजवी कारणही नव्हतं, हे त्याने सिद्ध केलं तर भरपाई जाते. मनाई आणि नफ्याचा न्यायालय ठरवील तेवढा भाग उरतो. पण कलम ५२ए प्रमाणे सीडीवर मालकाचं नाव छापावं लागतं, आणि 'श्रेय मूळ कलाकारांना' ही ओळ त्याने स्वतःच लिहिली आहे. जाणीव नसलेला माणूस श्रेय कुणाला देतो?

फौजदारी बाजू: कलम ६३, जाणूनबुजून भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. २०२२ च्या निट प्रो निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. उपाय उपलब्ध आहे म्हणून लिहा. पंचविशीतल्या मुलाला अटक करवून परवान्याचे पैसे मिळत नाहीत, हेही कंपनीला सांगा.

दावा कुठे? कलम ६२ प्रमाणे वादी जिथे व्यवसाय करतो तिथे, म्हणजे मुंबईत. संजय दालिया निवाड्याने (२०१५) घातलेली मर्यादा इथे आड येत नाही, कारण मुंबईत शाखा नाही, मुख्यालयच आहे. तातडीची मनाई मागत असाल तर वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १२ए ची दावापूर्व मध्यस्थी टाळता येते. मागत नसाल तर आधी मध्यस्थी करावीच लागते.

वेळ उरला तर

कधीकधी प्रश्नाला शेपूट असतं: 'तिसऱ्याच एकाने तरुणाचा ट्रॅक सॅम्पल केला. तरुण दावा करू शकेल का?' वर्गात बहुतेकजण 'हो, त्याने मेहनत केली आहे' म्हणतात. कलम १३(३)(बी) वाचा: ज्या ध्वनिमुद्रणात दुसऱ्याच्या साहित्य, नाट्य किंवा संगीतकृतीच्या कॉपीराइटचा भंग झाला आहे, त्याला कॉपीराइटच नाही. लक्ष द्या, कलम 'संगीतकृती' म्हणतं. म्हणून इथे संगीतकाराच्या आलापाचा भंग कामाला येतो, कंपनीच्या मुद्रणाचा नाही, आणि पहिल्या पानावर काढलेले थर पुन्हा लागतात. तरुणाच्या मुद्रणाला संरक्षण नाही. रॅपचे शब्द मात्र त्याचे स्वतःचे आहेत, ते साहित्यकृती म्हणून त्याचेच राहतात. तिसऱ्याने ते शब्द उचलले असतील तर तरुण त्यांच्यापुरता वादी होऊ शकतो.